एका मेलमध्ये चार विषय लिहिले, उत्तर एकाचंच आलं. वेगळे मेल नेमके कसे करायचे?

टेरीटॉवेल (सोमवार, सकाळी 11:20)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माग आणि माल बाबा बघतात, पार्ट्यांशी मेलवर बोलायचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात माझ्या एका मेलमुळे जवळजवळ एक टन सूत चुकीच्या रंगात गेलं. झालं कसं ते सविस्तर सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल.

हैदराबादची पार्टी आहे, हॉटेलांना माल पुरवते. ऑर्डर 2000 बाथ टॉवेलची, 75 बाय 150 सेंटीमीटर, 450 जीएसएम. मी एकाच मेलमध्ये चार गोष्टी लिहिल्या. बेज रंगाच्या ए आणि बी अशा दोन लॅब डिप, म्हणजे रंगवलेले छोटे नमुने, कुरिअरने पाठवल्या आहेत, त्यातली कोणती पक्की करायची? पॅकिंग कसं हवं, ए म्हणजे 50 नगांचा खोका की बी म्हणजे 40 नगांचा? मागच्या बिलाचे राहिलेले पैसे कधी येतील? आणि नव्या बिलावर पत्ता जुन्या ऑफिसचा छापायचा की नवीन गोदामाचा?

दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: ऑप्शन बी चालेल, पुढे जा.

मी समजले शेड बी. त्याच संध्याकाळी सूत डाईंगला गेलं. दहा दिवसांनी त्यांच्या डिझायनर बाईंचा फोन, की ए शेडचं काम कुठवर आलं? मग उलगडा झाला. उत्तर दिलं होतं खरेदीच्या माणसानं. त्यानं खोक्याचं वाचलं आणि खोक्याचं उत्तर दिलं. लॅब डिपची पाकिटं त्यानं डिझायनरच्या टेबलावर ठेवली होती, तो विषय त्याच्या लेखी त्याचा नव्हताच. एक टॉवेल साधारण 506 ग्रॅमचा, म्हणजे 2000 नगांचं सूत हजार किलोच्या वर. ते आता गडद चॉकलेटी करून दुसऱ्या मालात वापरतोय, पण डाईंगचा खर्च दोनदा बसला आणि हैदराबादचा माल तीन आठवडे लांबला.

आता एका विषयाला एक मेल, एवढं ठरवलंय. पण एकाच दिवशी एकाच माणसाला चार मेल पाठवायचे का? कुठले विषय वेगळे करायचे, कुठले एकत्र ठेवायचे? आणि समोरून खिचडी मेल आला तर उत्तर कसं द्यायचं? अनुभवी लोकांनी सांगा.

---

कडकभाकरी (सोमवार, दुपारी 12:05)

जीमेलला 25 एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे मेल तोडूनच पाठवावा लागतो. मी फोटो तीन-तीनच्या गठ्ठ्यात पाठवतो आणि विषयात 1/3, 2/3 असं लिहितो. डिझाईनची फाईल मोठी असेल तर ड्राइव्हवर टाकून लिंक दे.

---

टेरीटॉवेल (सोमवार, दुपारी 12:30)

दादा, अडचण फाईलच्या वजनाची नाही, विषयांची आहे. माझा मेल सगळा मिळून अर्ध्या पानाचा होता, जोडलेलं काही नव्हतं.

---

विजापूरवेस (सोमवार, दुपारी 1:10)

सोपं आहे की. त्यांच्याच मेलला Reply करायचं आणि वरची सब्जेक्ट लाइन बदलायची. जीमेलमध्ये Reply च्या बाणापाशी Edit subject असा पर्याय आहे. विषय बदलला की वेगळा धागा तयार होतो. नाव-पत्ता पुन्हा टाकायची कटकट नाही. मी वर्षानुवर्षं असंच करतो, कधी काही अडलं नाही.

---

हेल्पडेस्क_14वर्षं (सोमवार, रात्री 9:40)

मूळ सोलापूरचाच, सध्या पुण्यात. एका कंपनीच्या मदतकक्षात 14 वर्षं येणारे मेलच वाचतोय.

विजापूरवेस, तुमचं जीमेलपुरतं बरोबर आहे. विषय बदलला की जीमेल नवीन संभाषण सुरू करतं. पण हे तुमच्या पडद्यावर. समोरच्याचा पडदा तुमच्यासारखा असेल असं नाही. Reply दाबलं की मेलच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात, जुन्या मेलची ओळख चिकटून जाते:

```
Subject: Invoice 231 payment
In-Reply-To: <जुन्या मेलची ओळख>
References: <जुन्या मेलची ओळख>
```

थंडरबर्डसारखे प्रोग्रॅम विषयापेक्षा या ओळी बघतात. त्यामुळे तुम्ही विषय बदलून पैशांबद्दल लिहिलेला मेल तिथे लॅब डिपच्या जुन्या धाग्याच्या पोटात जाऊन बसतो. धागा मिटलेला असेल तर तुमचा मेल उघडतही नाही कोणी. मदतकक्षाच्या प्रणालीत तर याहून वाईट होतं. प्रणाली विषयातला तिकीट नंबर किंवा याच ओळी बघून मेल जुन्या तिकिटाला जोडते. ते तिकीट बंद झालेलं असेल, तर नवीन प्रश्न एकतर जुन्या नावाखाली पुन्हा उघडतो, नाहीतर कुणाच्याच यादीत येत नाही.

दुसरी गोष्ट खालच्या मजकुराची. Reply मध्ये जुना संवाद खाली तसाच राहतो. त्यात तुमचा भाव असेल, कुणाला दिलेली सूट असेल. तो मेल पुढे त्यांच्या वाहतूकदाराला फॉरवर्ड झाला की सगळं गेलं त्याच्याबरोबर.

म्हणून नवीन विषय असेल तर Compose. पत्ता पुन्हा टाकायला दहा सेकंद लागतात.

ताईच्या मेलबद्दल उद्या लिहितो, त्यात एक वेगळीच गोष्ट आहे.

---

विजापूरवेस (सोमवार, रात्री 10:15)

हे आत चिकटून जाणारं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या एका पार्टीचे लोक सारखे म्हणतात की तुमचा मेल सापडला नाही, आणि माझ्याकडे तर पाठवलेला दिसतो. उद्या त्यांना विचारतो कुठला प्रोग्रॅम वापरतात.

---

खरेदीखातं (मंगळवार, सकाळी 8:50)

मी पलीकडच्या बाजूचा माणूस. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याची खरेदी बघतो. एकाच पुरवठादाराकडून सकाळी पाच मेल आले की मला काहीच कळत नाही. कुठला आधी, कुठला नंतर, कुठला आजच पाहिजे? मी सगळे बाजूला ठेवतो आणि फोन करतो. त्यापेक्षा एका मेलमध्ये 1, 2, 3, 4 आकडे घाला, मी आकड्यापुढे उत्तर लिहीन. ताईंनी ए-बी दोनदा वापरलं तिथं घोळ झाला. एकाच मेलमध्ये शेडला ए-बी आणि पॅकिंगला 1-2 असं लिहिलं असतं तरी वाचलं असतं.

---

टेरीटॉवेल (मंगळवार, सकाळी 10:00)

काका, ए-बी दोनदा वापरायला नको होतं हे मान्य. पण आकडे घालूनही मला अर्धी उत्तरं आलेली आहेत. मागच्या वर्षी सहा मुद्द्यांचा मेल होता, उत्तर आलं ‘1 आणि 4 ओके’. बाकीचे चार नामंजूर की वाचलेच नाहीत, हे विचारायला मला पुन्हा मेल करावा लागला.

---

हेल्पडेस्क_14वर्षं (मंगळवार, रात्री 8:30)

खरेदीखातं यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण एका अटीवर. सगळ्या मुद्द्यांची उत्तरं एकच माणूस देणार असेल आणि एकाच बैठकीत देणार असेल, तर आकडे पुरतात. ताईच्या मेलची गोष्ट तशी नव्हती. शेडचं उत्तर डिझायनरकडे, खोक्याचं खरेदीकडे, पैशांचं आणि पत्त्याचं हिशेबखात्याकडे. पहिल्या वाचणाऱ्यानं आपला मुद्दा मिटवला, मेल वाचलेला झाला, काम संपलं. उरलेल्या दोघांपर्यंत तो पोचायचा तर त्या माणसानं आठवणीनं फॉरवर्ड करायला हवा. आणि तो करत नाही, कारण फॉरवर्ड केला तर थकलेल्या पैशांचा परिच्छेद डिझायनर बाईंना दिसतो आणि त्याला तो अवघड वाटतो. एकत्र मेल अडकतो तो असा. आमच्याकडे रोज दिसतं.

म्हणून मेल तोडताना मी विषय मोजत नाही, दोन प्रश्न विचारतो. उत्तर कोण देणार? आणि एकाचं उत्तर बदललं तर दुसऱ्याचं बदलतं का?

ताईच्या चार गोष्टींना हे लावून बघू. शेड: डिझायनर देणार, बाकी कशावर अवलंबून नाही, वेगळा मेल. पैसे: हिशेबखातं, वेगळा मेल. पत्ता: हिशेबखातंच, पण तो नव्या बिलाचा, पैसे जुन्या बिलाचे. पैशांवरून वाद सुरू झाला तर पत्त्याचं उत्तर त्यात रखडेल आणि इकडे माल तयार असून बिल निघणार नाही. म्हणून माणूस एकच असला तरी मी वेगळाच पाठवीन.

पॅकिंगचा प्रश्न मात्र उलटा आहे. ताई, टेम्पोचं तुम्ही कुठे विचारलं होतं?

---

टेरीटॉवेल (मंगळवार, रात्री 8:55)

ते मी आणखी चार दिवसांनी वेगळ्या मेलमध्ये विचारलं. माल कुठल्या तारखेला उतरवून घ्याल म्हणून.

---

हेल्पडेस्क_14वर्षं (मंगळवार, रात्री 9:20)

तेच तोडायला नको होतं. 40 चा खोका घेतला तर 50 खोके, प्रत्येक साधारण 20 किलोचा. 50 चा घेतला तर 40 खोके, साधारण 25 किलोचे. खोका बदलला की खोक्यांचा आकडा बदलतो, टेम्पोत बसतात की नाही ते बदलतं, त्यांच्या गोदामात किती माणसं लागतील ते बदलतं. हा एकच प्रश्न आहे, दोन ओळींत लिहिलेला. दोन मेल केलेत तर एका मेलमध्ये 40 चा खोका ठरतो आणि दुसऱ्यात 50 च्या हिशेबानं गाडी. तोडण्याच्या भरात हे फार लोक करतात.

---

जुळे_सोलापूरकर (बुधवार, सकाळी 7:15)

आमच्या सोसायटीचा अनुभव सांगतो. मी सचिव आहे, वय 67. एका सरकारी कार्यालयाला मी एकच सविस्तर तक्रार पाठवली: पाणी ठरल्या दिवशी येत नाही, गेटसमोरचे दोन दिवे बंद आहेत, आणि कराच्या बिलावर बिल्डरचंच नाव आहे. तीन आठवड्यांनी दोन दिवे लागले. त्यानंतर मेल आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मी रागानं त्याच मेलला उत्तर दिलं, पाण्याचं काय? त्याला उत्तरच नाही. पाण्यासाठी मी चार वेळा जाऊन आलो, प्रत्येक वेळी पडद्यावर ‘निकाली’ असंच दाखवायचे. हेल्पडेस्क यांनी लिहिलेलं वाचून आज कळलं की माझी तिन्ही दुखणी एकाच नंबरखाली होती आणि सर्वांत सोपं दुखणं बरं झाल्यावर तो नंबर मिटला.

आता तीन नवीन तक्रारी तीन वेगळ्या मेलनं पाठवू का? की आधीच्या नंबराचा उल्लेख करावा?

---

हेल्पडेस्क_14वर्षं (बुधवार, सकाळी 9:05)

काका, दोनच पाठवा, दिवे लागलेत. दोन्ही नवीन मेल, जुन्या मेलला Reply नको. जुना नंबर विषयाच्या ओळीत अजिबात घालू नका, नाहीतर प्रणाली तो उचलून पुन्हा बंद तक्रारीला जोडेल. मजकुरात लिहा: यापूर्वी अमुक तारखेला कळवले होते, त्यातील दिव्यांचा भाग पूर्ण झाला, पाण्याचा राहिला. पाण्याच्या मेलमध्ये मागच्या महिन्यात पाणी कुठल्या कुठल्या तारखांना आलं ते लिहा, कराच्या मेलला बिलाची प्रत आणि सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र जोडा. पहिल्या मेलला जोडलेल्या फाईली Reply केल्यावर पुढे जात नाहीत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे प्रत्येक मेलला त्याचे कागद नव्यानं जोडायचे.

---

टेरीटॉवेल (बुधवार, संध्याकाळी 6:40)

त्याच पार्टीची नवीन ऑर्डर आली आहे, 1200 हँड टॉवेल. या वेळी तीन मेल तयार केलेत. विषयाच्या ओळी अशा:

```
PO 126 | Hand towel shade | choose lab dip P or Q
PO 126 | Carton size and unloading date
Invoice 231 | Balance payment
```

शेडचा मेल थेट डिझायनर बाईंना, खरेदीच्या माणसाला सीसी. खोक्याचा खरेदीच्या माणसाला. पैशांचा हिशेबखात्याला, डिझायनर बाई त्यात नाहीत. शेडला या वेळी पी आणि क्यू नावं दिलीत, खोक्याला अक्षरच नाही, सरळ 40 नग की 60 नग. पहिल्या मेलच्या शेवटी एक ओळ: पॅकिंगबद्दल वेगळा मेल पाठवला आहे. खरेदीखातं काका, तुम्हाला हे तीन मेल आले असते तर चाललं असतं का?

---

खरेदीखातं (बुधवार, रात्री 9:50)

तिन्ही मलाच आले असते तर नसतं चाललं. पण यात मला एक आणि एक सीसी, एवढंच येतंय. हे चालेल. पीओचा नंबर सुरुवातीला घातलात हे फार बरं केलं, शोधताना तेवढंच टाकलं की दोन्ही समोर येतात.

एक सुचवतो. शेडच्या मेलमध्ये ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर डाईंग थांबून राहील’ असं लिहा. उत्तर दिलं नाही तर काय होणार हे कळलं की आम्ही तो मेल आधी उघडतो. आणि ‘उत्तर नाही आलं तर पी धरतो’ असं मात्र कधी लिहू नका. त्यावरून आमच्याकडे मोठं भांडण झालेलं आहे.

---

विजापूरवेस (गुरुवार, सकाळी 11:00)

विचारलं. ती पार्टी थंडरबर्डच वापरते. माझे विषय बदललेले सगळे मेल त्यांच्याकडे 2022 च्या एका कोटेशनखाली ओळीनं बसलेले निघाले. काल त्यांनी ते उघडून दाखवले, 31 मेल होते.

माझा प्रश्न ताईच्या तिसऱ्या मुद्द्याचा. तिकडून खिचडी मेल आला तर? त्यांना तर मी शिकवू शकत नाही.

---

हेल्पडेस्क_14वर्षं (गुरुवार, रात्री 8:10)

शिकवायचं नाही, आपणच तोडून द्यायचं. त्यांच्या मेलमधला एक परिच्छेद उचला, Compose उघडा, परिच्छेद वर चिकटवा, ‘तुमच्या 4 तारखेच्या मेलमधून’ एवढं लिहा, खाली त्या एकाच मुद्द्याचं उत्तर. असं प्रत्येक मुद्द्याचं. मग मूळ मेलला Reply करून दोन ओळी: भाव आणि तारखेबद्दल वेगवेगळे मेल पाठवले आहेत, लेबलचं उत्तर इथंच देतो. ही शेवटची पायरी गाळली तर मूळ मेल त्यांच्याकडे अनुत्तरित दिसतो आणि ते आठवण पाठवतात, पुन्हा सगळ्या मुद्द्यांसकट.

परिच्छेद उचलताना त्यांचे शब्द बदलू नका. आपण ‘सोपं करून’ लिहिलं आणि अर्थ सरकला, तर पुढे त्यावरून वाद होतो.

एकाच ओळीत उत्तर देता येईल अशा लहान गोष्टींसाठी एवढं करू नये. दोन मुद्दे असतील, दोन्हीचं उत्तर आत्ता माझ्याकडे असेल, तर मी एकाच मेलमध्ये देतो.

---

सात_रस्ता (शुक्रवार, सकाळी 10:30)

उशिरा वाचतेय. मी हिशेब लिहिते, टॉवेलवाल्यांचेच. एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. पैशांचा मेल वेगळा करू नका. नवीन ऑर्डरच्या मेलमध्येच जुन्या बिलाचं लिहिलं की खरेदीचा माणूस स्वतः हिशेबखात्याच्या मागे लागतो, कारण त्याला माल हवा असतो. वेगळा पाठवला की तो हिशेबखात्याच्या ढिगात पडतो आणि त्यांना तुमच्या मालाची काहीच घाई नसते. माझ्या तीन पार्ट्यांचे पैसे असेच आले आहेत.

---

हेल्पडेस्क_14वर्षं (शुक्रवार, दुपारी 2:00)

हे मी वसुलीच्या बाजूनं कधी बघितलं नव्हतं. माझ्या नियमानं बघितलं तर, पैसे आल्याशिवाय माल निघणार नाही असं तुम्ही खरंच ठरवलं असेल, तर ते दोन विषय जोडलेलेच आहेत आणि एकत्र जायला हवेत. तसं ठरवलं नसेल तर एकत्र लिहून नुसता दबाव येतो आणि शेडचं उत्तरही अडकतं. पण तुमचा अनुभव पैशांचा आहे, माझा नाही.

---

सात_रस्ता (शुक्रवार, दुपारी 2:25)

शेड वेगळी काढा, ते बरोबर. पण पैसे आणि गाडीची तारीख मी एकत्रच ठेवीन.

---

टेरीटॉवेल (सोमवार, संध्याकाळी 5:15)

तीन मेल शुक्रवारी सकाळी गेले. शेडचं उत्तर त्याच दुपारी डिझायनर बाईंकडून आलं, क्यू, सोबत लॅब डिपच्या पाकिटावर सही केलेला फोटो. खोक्याचं आज आलं: 60 नग, गुरुवारी उतरवून घेऊ. हँड टॉवेल 40 बाय 60 चा, 108 ग्रॅमचा, त्यामुळे खोका साडेसहा किलोचाच होतो, सगळे मिळून 20 खोके.

पैशांच्या मेलला अजून काही नाही. आठवण त्याच मेलला Reply करून पाठवली, त्यामुळे खाली फक्त बिल 231 चं बोलणं आहे, दुसरं काही नाही. सात रस्ता ताई, गुरुवारपर्यंत उत्तर आलं नाही तर तुमच्यासारखं गाडीच्या तारखेच्या मेलमध्ये एक ओळ टाकू का, बाबांना विचारते. ते म्हणतात या पार्टीशी जुने संबंध आहेत, फोनच कर.

---

जुळे_सोलापूरकर (मंगळवार, सकाळी 7:40)

दोन मेल पाठवले. दोन वेगळे नंबर आले. पाण्याच्या तारखा लिहिण्यासाठी सौभाग्यवतींच्या कॅलेंडरचा उपयोग झाला, त्या दर वेळी तारखेवर टाकी भरल्याची खूण करतात.

---

सात_रस्ता (मंगळवार, सकाळी 9:10)

टेरीटॉवेल, आधी फोन कर आणि फोननंतर त्याच 231 च्या मेलला दोन ओळी लिही: आज बोलणं झालं, अमुक तारखेला देतो म्हणालात. नवीन मेल काढू नकोस.